अर्ध्या टनाची केप

महानायकाला कोणाची भीती नसते. त्याला संगणकात चालवणाऱ्याला मात्र त्याच्या केपची असते. ‘द इन्क्रेडिबल्स’ या 2004च्या चित्रपटात एड्ना मोड ही पोशाखकार केप शिवायला साफ नकार देते. कारण सांगते ते अपघातांचं, पण मला दाट संशय आहे की तिने कधीतरी ब्लेंडरमध्ये कापड फडकवून पाहिलं असावं.

आमचा नायक सेकंदाला सहा मीटर धावतो. त्याच्या पाठीवर 130 सेंटिमीटर लांबरुंद केप आहे. पहिल्या दिवशी ती थांबल्या जागी थरथरत होती, थंडी वाजल्यासारखी. आणि तो पळू लागला की मागे लांबत लांबत अंगणापर्यंत जात होती. दिग्दर्शक म्हणाले, “जरा कडक करा ना कापड!” सगळे असंच म्हणतात. मग `Tension` 15 वरून 80 वर नेलं की लांबणं थोडं कमी होतं आणि थरथर दुप्पट होते. ती थांबवायला `Tension` उतरवावं, तर केप पुन्हा अंगणात. एका दुखण्याचं औषध हेच दुसऱ्याचं पथ्य मोडतं.

म्हणून आधी वजन पाहावं. पॅनेलवर `Vertex Mass` 0.3 किलो लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, वा, हलकी आहे! पण ते वजन अख्ख्या केपचं नसतं, जाळीतल्या प्रत्येक बिंदूचं असतं. आमच्या जाळीत आडवे 41 आणि उभे 41 बिंदू, म्हणजे 1681. गुणाकार केला तर कागदोपत्री केप भरते 504 किलो. घड्या सुंदर पडाव्यात म्हणून कोणी जाळी दुप्पट बारीक केली, की बिंदू चौपट आणि वजन दोन टनांच्या घरात. नायक जग वाचवायला निघालाय, पाठीवर ट्रकभर सिमेंट घेऊन! तेव्हा जाळी दुप्पट बारीक केली की बिंदूचं वजन पाव करायचं, 0.3 चं 0.075.

एवढं करूनही खांद्याशी कापड ताणलं जातच होतं, कारण केप दोनच बिंदूंवर टांगली होती. झाव्हिए प्रोव्हो यांनी 1995 सालच्या शोधनिबंधात नेमकं हेच दाखवलं: दोन कोपऱ्यांवर लटकलेलं कापड टांगल्या जागेपाशीच सर्वांत जास्त ताणलं जातं. त्यांनी स्प्रिंगांना दहा टक्क्यांपलीकडे लांबायची बंदी केली. माझ्या आईने तो शोधनिबंध वाचलेला नाही. पडद्याकडे बघून ती म्हणाली, “अरे, पदर एवढा जड आणि पिना दोनच? चार-पाच लाव की!” गळ्याची अख्खी कड पिन-गटात घेतली आणि प्रोव्होंचं दुखणं बरंचसं आटोक्यात आलं.

उरली थरथर. तिचा उगम शोधायला नायकाच्या अंगावरचं `Collision` क्षणभर बंद करून पाहावं. आमच्याकडे ते बंद करताच खांद्याजवळची थरथर गेली. म्हणजे भांडण केपचं आणि अंगाचं. अंगाचा `Thickness Outer` दोन सेंटिमीटर, कापडाचं `Distance` दीड, आणि पिना मात्र त्वचेपासून जेमतेम एका सेंटिमीटरवर. पिन म्हणते “इथेच थांब”, अंग म्हणतं “लांब हो”, आणि बिचारं कापड प्रत्येक फ्रेमला दोघांचेही हुकूम पाळतं. दोन्ही अंतरं अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आणली, तेव्हा खांद्यावर शांतता नांदली.

पळतानाची थरथर तरीही शिल्लक होती. तिच्यासाठी वेळेचे तुकडे करावे लागतात. चोवीस फ्रेमच्या हिशेबात नायक एका फ्रेममध्ये 25 सेंटिमीटर पुढे जातो. `Quality Steps` 5 असेल, तर गणितात तो एका दमात पाच सेंटिमीटर उडी मारतो. जाळीचा एक चौकोन मात्र सव्वातीन सेंटिमीटरचा! कापडाला काही कळायच्या आत पाठ पुढे निघून गेलेली असते, मग ते दचकून मागून ओढलं जातं. आकडा 12 केला की उडी दोन सेंटिमीटरवर येते. वेळ खूप लागतो, चहा दोनदा होतो. पण आता `Tension` 40 केलं तरी कापड बिथरत नाही. मघाशी जे औषध अंगावर उठत होतं, तेच आता लागू पडतं.

दिग्दर्शकांनी तयार दृश्य पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, “छान आहे हो, पण ही फारच कापडासारखी वागतेय. नायकाची आहे ना? जरा तरंगू दे.”

मी `Tension` ला हात लावला नाही. `Field Weights` मधलं `Gravity` 1 वरून 0.6 केलं आणि न्यूटनची मनातल्या मनात माफी मागितली.