एक प्लेट म्हणजे किती ग्रॅम?

कॅलरी मोजणाऱ्या ॲपमध्ये ‘चिकन बिर्याणी, एक प्लेट’ असं शोधलं की लगेच आकडा हजर. पण कुठल्या हॉटेलची प्लेट? भात किती, पीस किती? ज्या नोंदीला वजनच नाही, तिच्यावर विश्वास ठेवू नका. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर कॅलरी लिहिणं बंधनकारक आहे, पण कोपऱ्यावरच्या बिर्याणीवाल्याला हा नियम लागू नाही. आणि प्रथिनं, चरबी हे वेगवेगळे आकडे तर मोठ्या हॉटेलांच्या मेनूवरही सहसा नसतात.

त्यामुळे पार्सल घरी आणा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. समजा, डबा वगळून सहाशे ग्रॅम भरलं. पीस बाजूला काढून तोलले, २०० ग्रॅम. जेवण झाल्यावर हाडंही तोला, ही पायरी बहुतेक जण गाळतात. हाडं ६० ग्रॅम निघाली, म्हणजे मांस १४० ग्रॅम. शिजलेल्या चिकनमध्ये शंभर ग्रॅमला २५-२६ ग्रॅम प्रथिनं धरली की ३६ होतात. उरलेल्या ४०० ग्रॅममधून कांदा-मसाल्याचे चाळीसेक वजा केले, तर भात ३६०. शिजलेल्या भातात शंभर ग्रॅमला सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे जवळपास शंभर, शिवाय नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं. इथवरचे झाले साधारण ५८० कॅलरी, आणि यात फार मोठी चूक होत नाही.

खरी गोची तेलाची. ते दिसत नाही, वेगळं तोलता येत नाही आणि ग्रॅमला ९ कॅलरी देतं. तळलेला कांदा ते शोषून घेतो, दमावर ते खाली उतरतं. म्हणून हंडीच्या तळातलं पार्सल वरच्यापेक्षा तेलकट निघतं. तेव्हा इथे एक आकडा लिहूच नका. चिकनची स्वतःची चरबी १० ग्रॅम, वरून घातलेलं तेल-तूप २० ते ४० ग्रॅम. एकूण कॅलरी ८५० ते १०३०. हा सगळा फरक एकट्या तेलाचा आहे.

कुठलं टोक धरायचं, ते डबाच सांगतो. भात काढून घेतल्यावर डबा तिरका धरा. कोपऱ्यात चमचाभर तेल साचलं तर वरचं टोक धरा. ते न खाता टाकून दिलंत, तर साधारण पाच ग्रॅम वजा करा. भात सुटसुटीत आणि डबा कोरडा असेल, तर खालचं टोक. तूप किंवा डालडा असेल तर फ्रिजमध्ये ठेवलेल्या उरलेल्या भातावर पांढरा थर धरतो. साधं तेल मात्र सहसा तिथेही पातळच राहतं, म्हणून थर दिसला नाही तरी तेल कमी आहे असं समजू नका.

नोंद करताना ‘९३७’ लिहू नका, ‘साडेनऊशे, शंभर इकडे-तिकडे’ लिहा. त्याच हॉटेलातून पुन्हा मागवलंत तर पीस आणि हाडं परत तोला, कारण एकाच्या डब्यात लेगपीस येतो आणि दुसऱ्याच्या डब्यात नुसती मान.