दिवाळीनंतर बघू

कापडाच्या दुकानात रजेचं धोरण विचारलं, तर बहुतेक ठिकाणी ते या दोन शब्दांत संपतं. ऑगस्टमध्ये कोणी रजा मागितली की शेठ मान वर न करता म्हणतात, ‘दिवाळीनंतर बघू.’ दिवाळी संपते, तुळशीचं लग्न लागतं आणि लग्नाचे बस्ते सुरू होतात. मग ‘सीझन उतरल्यावर बघू.’ लहान दुकानांची पगारपत्रकं मी अनेक वर्षं लिहितो आहे. या दोन शब्दांनी माणसाच्या खिशातले पैसे जातात, हे मला त्या पत्रकांत रकान्यागणिक दिसतं.

कसे जातात, ते सांगतो. वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानाला महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने आणि आस्थापना कायदा लागतो. त्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत. आपण त्यांना सीएल म्हणतो. त्या दर तिमाहीला खात्यात पडतात आणि वापरल्या नाहीत तर वर्षअखेर बुडतात. त्याशिवाय वर्षात 240 दिवस काम भरलं, तर दर वीस दिवसांना एक हक्काची रजा, म्हणजे पीएल. ती साठवता येते, पण 45 दिवसांपर्यंतच.

आता आठ वर्षं एकाच काउंटरवर उभ्या राहिलेल्या एका ताईंचा हिशेब करू. आठवड्याच्या सुट्ट्या, सणाच्या सुट्ट्या आणि घेतलेल्या रजा वगळल्या तर वर्षात साधारण 285 दिवस काम होतं. त्याचे चौदा पीएल. त्यातल्या त्या सहा वापरतात, आठ शिल्लक राहतात. पाच वर्षांत चाळीस साठतात. सहाव्या वर्षी 48 व्हायला हव्यात, पण खातं 45 वर थांबतं आणि तीन गेल्या. सातव्या वर्षी आठ, आठव्या वर्षी आठ. एकोणीस दिवस पाण्यात. महिना 18,000 पगार आणि 26 दिवसांचा भाग धरला तर दिवसाचे 692 रुपये पडतात, म्हणजे तेरा हजारांच्या वर रक्कम झाली. ती गेली कोणाची? खाडे करणाऱ्याची नाही. त्याचं खातं कधी भरतच नाही. जी बाई शेठच्या शब्दावर दर सणाला थांबली, तिची गेली.

कायद्याने यावर उतारा दिलेला आहे. पंधरा दिवस आधी रजा मागितली आणि मालकाने ती नाकारली, तर 45 च्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला मिळतो. पण त्यासाठी मागितल्याचा आणि नाकारल्याचा कागद हवा. ‘दिवाळीनंतर बघू’ हा नकार आहे, पण त्याचा कागद नाही. म्हणून रजेचं धोरण लिहायला बसणाऱ्या प्रत्येक मालकाला मी पहिलं कलम हेच सांगतो: रजेला नाही म्हणायचं असेल तर लिहून म्हणा, कारण लिहा, त्याऐवजीची तारीख लिहा आणि एक प्रत मागणाऱ्याच्या हातात द्या. सात दिवसांत उत्तर आलं नाही, तर रजा मंजूर. ही शेवटची अट मालकांना फार टोचते. टोचू दे. मॅनेजर उत्तर देतो तो तिच्याच धाकाने.

रजा खात्यात कधी जमा करायची, यातही एक खड्डा आहे. 15 जूनला लागलेल्या मुलाला 31 डिसेंबरपर्यंत 200 दिवस मिळतात. आठवड्याच्या सुट्ट्या काढल्या की 172 उरतात. 240 तर सोडाच, केंद्राच्या नव्या संहितेतल्या 180 दिवसांनाही तो पुरा पडत नाही. नुसत्या कायद्यावर बोट ठेवलं तर साडेसहा महिने राबूनही त्याची पीएल शून्य. कायदा ही खालची पायरी आहे, तिच्यावर चढायला कोणी बंदी केलेली नाही. वीस दिवस भरले की एक रजा, त्याच महिन्यात जमा, पहिल्या वर्षापासून: असं लिहा. त्या मुलाच्या खात्यात डिसेंबरपर्यंत आठ दिवस येतील आणि जानेवारीत तो दुसरं दुकान शोधणार नाही. महिन्याच्या पगारचिठ्ठीवर शिल्लक रजेचा आकडा छापा. चूक झालीच तर ती त्या महिन्यात पकडली जाते. आठ वर्षांनी वही उघडून भांडावं लागत नाही.

आता मूळ दुखणं, सीझन. ‘गणपती ते दिवाळी रजा बंद’ अशी पाटी मी कित्येक दुकानांत पाहिली आहे. 2026 चं पंचांग समोर ठेवा. गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी 25 ला. त्यानंतर पितृपक्ष, सर्वपित्री अमावास्या 10 ऑक्टोबरला. घटस्थापना 11 ला, दसरा 20 ला, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. या बंदीच्या ऐन मध्यात पितृपक्षाचे दोन आठवडे बसलेत. त्या दिवसांत नवं कापड घ्यायला किती लोक येतात? साड्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत माणसं उभी असतात, आणि त्यांची रजा बंद! मागच्या तीन वर्षांची बिलं तारखेनुसार मोजा. गर्दी गणपतीच्या आधी दोन आठवडे आणि घटस्थापनेपासून पुढे चार आठवडे सापडेल. बंदी लागली तर तेवढ्यापुरती. या वर्षी 17 मे ते 15 जून अधिक महिना आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाचं वाण असतं, पण लग्नाचा बस्ता नसतो. सलग आठ दिवसांच्या रजा तिथे आधीच वाटून ठेवा.

गर्दीच्या चार आठवड्यांत एकही रजा नको, असं मालक म्हणतात तेव्हा मी साडी विभागाचं गणित मांडतो. विभागात आठ माणसं. सणात दुकान सातही दिवस उघडं, पण आठवड्याची सुट्टी प्रत्येकाला द्यावीच लागते. म्हणजे आठवड्यात आठ सुट्ट्या सात दिवसांवर पसरतात. रोज एक माणूस, एखाद्या दिवशी दोन, आधीच घरी आहेत. मालक आठ धरून चालतो, काउंटरवर असतात सात. बिलांवरून सात लागतात असं निघालं, तर एकही माणूस आजारी पडता कामा नये. अशी आखणी पहिल्या तापाला कोसळते. मग शेठ आजारी माणसाला फोन करून बोलावतात, आणि पुढच्या वेळी तो माणूस फोनच उचलत नाही.

म्हणून गर्दीतही रोज एक जागा रजेसाठी मोकळी ठेवायची आणि तिच्या बदल्यात चार आठवड्यांपुरता एक हंगामी माणूस घ्यायचा. त्याला एकट्याला काउंटरवर टाकायचं नाही. घड्या, पॅकिंग, गोडाउनमधून माल आणणं त्याच्याकडे द्यायचं आणि जुनी माणसं गिऱ्हाइकासमोर ठेवायची. आजारपण आणि घरातला मृत्यू या जागेत मोजायचे नाहीत. ते कुठल्याही यादीत बसत नाहीत, त्यांना पंधरा दिवसांची पूर्वसूचना मागणं हा निर्दयपणा आहे.

एक जागा आणि आठ माणसं, तर ती कोणाला? ‘आधी येईल त्याला’ हा नियम सरळ वाटतो, पण त्यात ऑफिसात ऊठबस असणाऱ्याचा अर्ज आधी लागतो. ‘जुना त्याला’ म्हटलं तर त्याच दोघांना दरवर्षी लक्ष्मीपूजन घरी मिळतं आणि नव्या माणसाला दहा वर्षं मिळत नाही. मला पटलेला क्रम असा: मागच्या वर्षी ज्याला नकार मिळाला तो पहिला, त्यानंतर ज्याने कधीच सणाची रजा घेतली नाही तो, तरीही बरोबरी राहिली तर सगळ्यांसमोर चिठ्ठी. मागच्या वर्षीच्या नकाराची नोंद असल्याशिवाय हा क्रम लागतच नाही. तो लेखी नकाराचा कागद इथेही कामाला येतो.

आणि आधी सगळ्यांना विचारा तरी! कोकणातल्या माणसाला दिवाळी नको असते, त्याला गणपती हवा असतो. दोघांच्या तारखा वेगळ्या असतील तर भांडणच उरत नाही. अशी अर्धी भांडणं नुसती यादी भिंतीवर लावल्यावर आपापसांत मिटलेली मी पाहिली आहेत.

विचारायचं कधी, ते दुकान ठरवत नाही, रेल्वे ठरवते. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. 12 सप्टेंबरला सावंतवाडीला निघायचं असेल तर तिकीट 14 जुलैच्या सुमारास काढावं लागतं. ऑगस्टअखेर दिलेली मंजुरी त्याच्या काय कामाची? रजा हातात आहे आणि प्रतीक्षायादी तीनशेवर! तेव्हा गणपतीचे अर्ज जूनमध्ये मागवा आणि 10 जुलैपर्यंत उत्तर द्या. दिवाळीसाठी तीच तारीख 9 सप्टेंबरच्या आसपास येते, म्हणजे उत्तर ऑगस्टअखेर. मंजूर झालेली रजा नंतर दुकानाने रद्द केली, तर तिकिटाचे बुडालेले पैसे दुकानाने भरायचे. हे कलमही धोरणात लिहा.

मालकांची बाजू मला ठाऊक आहे. चोवीस माणसांची खाती 45 वर भरली, तर याच पगाराने साडेसात लाखांच्या आसपास देणं उभं राहतं आणि दोन जुनी माणसं एकाच वर्षी निघाली तर गल्ल्यावर ताण येतो. खरं आहे. पण हे देणं रजा दिल्याने साठलेलं नाही, न दिल्याने साठलं आहे. ज्याच्या खात्यात तीस दिवस झाले, त्याच्यासोबत बसा आणि पुढच्या मंद महिन्यातल्या दहा दिवसांच्या तारखा ठरवा. तारखा त्याने निवडायच्या, महिना तुम्ही सुचवायचा. रजा वापरली गेली की देणं उतरतं आणि माणूस घरच्यांना दिसतो.

एका दुकानात हे सगळं दीड पानात बसलं. भिंतीवर यादी लागली तेव्हा त्या ताई पहिल्या आल्या आणि लक्ष्मीपूजनासमोर नाव लिहून गेल्या. आठ वर्षांत त्यांनी लेखी मागितलेली ती पहिली रजा होती.