हो की, करतो की

रात्री साडेदहाला मेलची पहिली ओळ लिहिली: ‘कुणाचीही नोकरी जाणार नाही, कृपया घाबरू नये.’ लिहून झाल्यावर लक्षात आलं, की तोवर कुणी घाबरलेलंच नव्हतं. बस कंडक्टरने आपणहून उठून ‘ब्रेक चांगले आहेत हां’ म्हटलं, तर सावगावच्या उतारावर अर्धी बस देवाचं नाव घेते. ओळ खोडली.

मी उद्यमबागेतल्या एका छोट्या डिझाइन ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर आहे. पंप, व्हॉल्व्ह आणि असल्याच लोखंडी वस्तूंची ड्रॉइंगं आम्ही करतो. टीम अकरा जणांची. राहतो कंग्राळीत. कंग्राळी दोन आहेत, बुद्रुक आणि खुर्द. पण बेळगावात असं लांबलचक कोण म्हणतंय? बी.के. आणि के.एच. म्हणतात. मी बी.के.चा. ही माहिती पुढे लागणार आहे.

तर साहेबांनी बैठकीच्या नोंदी काढणारं एआयचं यंत्र घ्यायचं ठरवलं, आणि टीमला ते गोड करून सांगायचं काम माझ्याकडे आलं. आजवर नोंदी काढायची आमची ट्रेनी मुलगी. तासाभराची बैठक झाली की पुढची चाळीस मिनिटं ती वहीवरून टाइप करत बसायची. सगळ्यांना उद्देशून असली तरी ही मेल खरं तर तिच्या एकटीसाठी होती, आणि ते तिलाही कळणार होतं.

‘काय लिहूलास एवढ्या रात्री?’ अण्णांनी विचारलं. अण्णा निवृत्त तलाठी. सरकार-दरबारी पदाचं नाव काहीही असो, गावात तलाठीच. मी त्यांना यंत्र समजावलं: ते बैठकीत एका माणसासारखं येऊन बसतं, यादीत त्याचं नावही दिसतं. सगळ्यांचा आवाज ऐकतं, कोण बोललं ते वेगळं करतं, बोलणं अक्षरात उतरवतं, मग त्याचा सारांश करतं, आणि कुणी काय काम करायचं याची यादी सगळ्यांना पाठवून देतं.

‘आमच्या वेळी असंच भूमी आलं होतं की,’ अण्णा म्हणाले.

भूमी म्हणजे कर्नाटकाची जमिनीच्या उताऱ्यांची संगणक योजना. 2000 च्या आसपास राज्यातले सुमारे 2 कोटी उतारे संगणकात चढले आणि तलाठ्याच्या हातचा उतारा कायद्याने बाद झाला. तालुक्याला खिडकी झाली, पंधरा रुपये दिले की छापील कागद मिळायचा. राज्यात नऊ हजारांच्या घरात तलाठी होते. सगळ्यांना वाटलं, आता आपल्याला घरी बसवणार.

‘मग बसवलं?’

‘कुठलं! आधी संगणकात चढवलेलं सगळं छापून आमच्याकडंच आणून टाकलं. म्हणे, ओळ न् ओळ तपासा. सर्व्हे नंबरात एक आकडा इकडचा तिकडं झालेला, आईच्या जागी बायकोचं नाव. लिहायचं काम गेलं ओ, पण सही करायचं आलं. आणि लिहिताना चूक झाली तर खोडता यायची.’

अण्णांच्या जागी आज जे आहेत, त्यांनी 2024 मध्ये संप केला. मागणी नोकरी वाचवा अशी नव्हती. मोबाइलवर इतकी ॲप चालवायला लावलीत की काम उरकत नाही, अशी तक्रार होती. पंचवीस वर्षांत यंत्राने नोकरी खाल्ली नाही, फुगवली. हे मेलमध्ये घालावं असं क्षणभर वाटलं. पण ‘घाबरू नका, काम वाढणार आहे’ हा धीर द्यायचा प्रकार जगात कुठेच चालत नाही.

मेल बाजूला ठेवली आणि यंत्राची आधी चाचणी घेतली. ती बैठक मी जन्मात विसरणार नाही.

विषय साधा होता: एका पंपाच्या केसिंगचं सुधारित ड्रॉइंग पुण्याच्या गिऱ्हाइकाला कधी द्यायचं. मी घरूनच बसलो होतो. सीनियर डिझायनर मराठीत सुरू झाला, मध्येच चेकिंगवाल्याशी कानडीत बोलला, आकडे इंग्रजीत सांगितले आणि शिवी हिंदीत दिली. बेळगावात याला चार भाषा म्हणत नाहीत, बोलणं म्हणतात. यंत्राची पंचाईत अशी, की असली बरीच यंत्रं आवाजाचे छोटे तुकडे पाडतात, आणि तुकडा कुठल्या भाषेतला हे ठरवून मग लिहायला घेतात. आमच्या एकेका तुकड्यात तीन तीन भाषा. त्याने बहुमताने निकाल दिला. कानडीतलं ‘बेड’, म्हणजे नको, त्याने इंग्रजी पलंग समजून लिहिलं. केसिंगच्या चर्चेत पलंग तीनदा आला.

खरा घात मात्र ‘की’ने केला. आमच्याकडे प्रत्येक वाक्याच्या शेपटाला ‘की’ असतो. ‘करतो की’, ‘देतो की’, ‘हो की’. यंत्राने प्रत्येक ‘की’ इंग्रजी किल्ली म्हणून ऐकला. सारांशात पहिलंच काम निघालं: ‘डिझायनरने किल्ली गिऱ्हाइकाला द्यावी.’ कसली किल्ली, हे पुण्याने उलट विचारलं. यांत्रिक कामात शाफ्टला बसवायची किल्ली खरोखरच असते, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. चुकीची नोंद ओळखायला सर्वांत अवघड कधी असते, तर ती अगदी शहाण्यासारखी दिसते तेव्हा. पलंग लगेच पकडला जातो. किल्ली ड्रॉइंगपर्यंत पोचू शकते.

आणि ‘की’ बरोबर ऐकला असता तरी काय? ‘बघूया की’ म्हणजे नाही. ‘करूया की’ म्हणजे पुढच्या महिन्यात आठवण करा. एकट्या ‘करतो’पेक्षा ‘करतो की’मध्ये थोडी चीड असते, आणि ते काम बहुधा होतं. आमची ट्रेनी हे सगळं जाणून लिहायची. डिझायनर ‘बघूया की’ म्हणाला की तिच्या वहीत त्या ओळीपुढे एक बारीक टिंब पडायचं, आणि ते काम ती गुपचूप दुसऱ्याच्या नावावर टाकायची. यंत्राने तीनही ‘की’ एकाच मापाने मोजून तिन्हींना शुक्रवार ही तारीख दिली.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला: ‘तर हे कोण करणार?’ आणि नेहमीची शांतता पसरली. आमच्या ऑफिसात ही शांतता चांगली पंधरा-वीस सेकंद टिकते. पंखा ऐकू येतो, लांबून फाउंड्रीचा ठोका ऐकू येतो.

शांतता यंत्राला मानवत नाही, हे मला नंतर कळलं. हे यंत्र कान देऊन ऐकतं असं आपण समजतो. पण मुळात ते पुढचा संभाव्य शब्द कोणता याचा अंदाज बांधत असतं. ऐकायला काही नसलं तरी अंदाज थांबत नाही. ओपनएआयच्या व्हिस्पर या यंत्रावर 2024 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अभ्यास छापला. त्यांनी तपासलेल्या तुकड्यांपैकी सुमारे एक टक्क्यात कुणीही न बोललेली अख्खी वाक्यं सापडली, आणि बोलताना लांब विराम घेणाऱ्यांच्या वाट्याला ती जास्त आली. एक टक्का म्हणजे तसं काही नाही. पण आमच्याकडे बैठकीतली सर्वांत महत्त्वाची जागा नेमकी ती शांतता असते. आमच्या यंत्राने तिथे लिहिलं: ‘धन्यवाद, मी हे काम घेतो.’ आणि ते वाक्य माझ्या नावावर टाकलं.

मी तक्रार करणार होतो, पण साहेब म्हणाले, ‘लेखी आहे बघा.’

तेवढ्यात हेस्कॉमने वीज नेली, माझा लॅपटॉप बैठकीतून पडला. बाकीचे निघून गेले, फक्त डिझायनर आणि चेकिंगवाला मागे बोलत राहिले. यंत्रही बसून राहिलं. शेवटचा माणूस उठेपर्यंत ते उठत नाही. वीज आल्यावर मेलमध्ये पाहिलं, तर सारांशाच्या तळाशी नवं कलम: ‘मॅनेजर कंग्राळी ओके. वीज गेली हे कारण नेहमीचे. दुपारी झोपतात असा अंदाज.’ हा सारांश आमंत्रण गेलेल्या सगळ्यांना, पुण्यासकट, पोचला होता. कंग्राळी बी.के.चं कंग्राळी ओके झालेलं पाहून मात्र बरं वाटलं. गावाला इतकं चांगलं प्रमाणपत्र कुणी दिलं नव्हतं.

रात्री पुन्हा मेल लिहायला बसलो. या खेपेला धीर देणारी विशेषणं काढून टाकली आणि नुसत्या गोष्टी लिहिल्या. यंत्र चालू करण्याआधी मी तोंडाने सांगेन; एकानेही नको म्हटलं तर बंद राहील. सारांश आपोआप कुणालाही जाणार नाही. आधी ट्रेनी वाचेल, दुरुस्त करेल, मगच जाईल, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला तर मी पाहिल्याशिवाय नाहीच. आवाजाची फाइल तीस दिवसांनी पुसायची. कोण किती बोललं याचा तक्ता यंत्र देतं, तो पगारवाढीच्या वेळी उघडणार नाही. या शेवटच्या ओळीसाठी साहेबांशी अर्धा तास भांडलो, कारण तेवढ्यासाठीच त्यांनी यंत्र घेतलं होतं असा मला संशय आहे. त्यांना ‘कार्यक्षमता’ हा शब्द घालायचा होता. मी म्हटलं, त्या शब्दामागून यादी येते हे आता सगळ्या उद्यमबागेला ठाऊक आहे. ‘कार्यक्षमता’ गेली, ओळ राहिली.

नोकरीची ओळ शेवटी लिहिली. कंपनीच्या वतीने कायमचं वचन द्यायचा अधिकार मला नाही, आणि तो असल्याचा आव आणला तर आमच्या टीमला तो वासावरून कळतो. म्हणून एवढंच लिहिलं: नोंदी काढणारीचं पद तसंच आहे. यंत्राचा सारांश तपासून सही करायला तिला वीस मिनिटं लागतील असं धरलंय. उरलेल्या वीस मिनिटांत ती चेकिंगवाल्याकडे ड्रॉइंग तपासायला शिकेल, आणि तीन महिन्यांनी हे जमतंय का ते तिच्यासमोर बसून पाहू.

अण्णांनी चष्मा लावून वाचलं. ‘चुकलं तर सही कुणाची?’ त्यांनी विचारलं. मी तिच्या सहीखाली माझीही सही वाढवली. ते झोपायला गेले.

सकाळी उत्तरं आली. नऊ जणांनी अंगठा पाठवला. डिझायनरने ‘दुपारी फोन करू का, का झोप मोडेल?’ असं विचारलं. ट्रेनीचं उत्तर सर्वांत शेवटी आलं, दोनच शब्दांचं.

‘हो की.’

आवाज नाही, चेहरा नाही. पुढे टिंबही नाही. चहा निवला तरी मी तो ‘की’ कुठला ते लावतो आहे.