कृपया आहेर आणू नये

स्पर्धा परीक्षांच्या बुद्धिमत्ता चाचणीत 'विधान आणि गृहीतके' नावाचा एक प्रकार असतो. वर एक विधान, खाली I आणि II अशी दोन गृहीतकं, आणि प्रश्न एवढाच की यांतलं कोणतं विधानात अंतर्भूत आहे. पर्यायही ठरलेले: फक्त पहिलं, फक्त दुसरं, दोन्ही, दोन्हीही नाहीत. यात सूत्र नाही, आकडेमोड नाही, भाषा तिसरीतल्या मुलालाही कळेल अशी. तरीही भलीभली हुशार मुलं इथे पेन चावत बसतात. कारण खरं काय आहे हे इथे कोणी विचारलेलंच नसतं. बोलणाऱ्याने काय धरून चाललंय ते विचारलेलं असतं, आणि त्यातलंही तेवढंच, ज्याच्यावाचून त्याचं बोलणं उभंच राहणार नाही.

माझी भाची या परीक्षांच्या अभ्यासाला आमच्याकडे राहते. सकाळी अभ्यासिका, दुपारी क्लास, आणि रात्री जेवताना माझ्यावर सराव. परवा घरात एक लग्नपत्रिका आली होती. खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, 'कृपया आहेर आणू नये.' ही ओळ आपण सगळ्यांनी इतक्यांदा वाचलेली असते की ती वाचायचीच राहून जाते. भाचीने वाचली. "मामा, विधान," ती म्हणाली. "आता गृहीतकं सांग."

मी म्हटलं, "मंडळी पैसेवाली आहेत."

"तू उत्तर देत नाहीयेस, मत देतोयस."

मग तिने क्लासमधली रीत समजावून दिली. गृहीतक उचलायचं, ते उलटं करायचं आणि विधानाशेजारी ठेवायचं. विधान कोसळलं तर गृहीतक अंतर्भूत. विधान जागच्या जागी उभं राहिलं तर गृहीतक कितीही खरं असो, आपल्या कामाचं नाही. माझं घ्या. उलटं केलं: मंडळी पैसेवाली नाहीत. तरी ती 'आहेर आणू नये' म्हणू शकतात. स्वाभिमान असेल, घरात ठेवायला जागा नसेल, परतफेडीची वही ठेवायचा कंटाळा असेल. विधान ठणठणीत उभं. म्हणजे मी धरलेली गोष्ट पत्रिकेत नाही, माझ्या डोक्यात आहे. (मंडळी पैसेवाली आहेतच. पण तो मुद्दा नव्हे.)

आता दुसरं: 'लग्नाला येणारे लोक सहसा आहेर आणतात.' उलटं करा. कोणी आहेर आणतच नाही. मग ती ओळ छापायचं कारणच काय? 'कृपया हत्तीवरून येऊ नये' असं कुठल्या पत्रिकेत असतं का? ओळ कोसळली, गृहीतक अंतर्भूत. तिसरं: 'ओळ वाचून काही जण तरी आहेर आणणार नाहीत.' उलटं केलं तर निघतं की एकही माणूस ऐकणार नाही. तसं ठाऊक असताना कोणी ती ओळ गांभीर्याने छापत नाही. म्हणून हेही अंतर्भूत. इथे आपल्या ओठांवर हसू येतं, कारण ती ओळ वाचून पाकीट खिशात घालून जाणारी माणसं आपल्याला ठाऊक आहेत. बहुधा आरशातही दिसतात. पण परीक्षेचं जग भाबडं असतं. तिथे आवाहन करणारा माणूस मनापासून आवाहन करतो, जाहिरात देणाऱ्याला जाहिरातीचा उपयोग होईल असं वाटतं आणि सूचना लावणाऱ्याला ती कोणीतरी वाचेल अशी आशा असते. हा भाबडेपणा अंगी बाणवल्याशिवाय या प्रकारात गुण मिळत नाहीत.

खरी गंमत चौथ्यात आहे. 'ओळ वाचून सगळे जण आहेर टाळतील.' तिसऱ्याचाच भाऊ दिसतो, आणि निम्मी मुलं याला हो म्हणून मोकळी होतात. कारण ती 'सगळे ऐकतील' उलटं करताना 'कोणीच ऐकणार नाही' असं करतात, आणि मग विधान पडतं. पण 'सगळे ऐकतील' याचं उलट 'कोणीच नाही' हे नव्हे. 'सगळे ऐकतीलच असं नाही' हे आहे. दोनशे पाहुण्यांतले दहा जण पाकीट घेऊन आले तरी यजमानाने ती ओळ छापण्यात काही गैर झालं नाही. विधान उभं. म्हणून चौथं अंतर्भूत नाही. हा सगळा खेळ एका 'सगळे'वर चालतो. 'फक्त', 'नेहमी', 'कधीच', 'सर्वोत्तम', 'एकमेव' ही त्याच घराण्यातली मंडळी. ती गृहीतकात दिसली की क्लासमधली मुलं डोळे मिटून काट मारतात. तेही बरोबर नाही, कारण कधीकधी विधानातच 'फक्त' असतो आणि मग गृहीतकाला तो शोभून दिसतो. उलटं करून बघण्याला पर्याय नाही.

हे ऐकताना मला आपला जुना देवदत्त आठवला. तर्कशास्त्राच्या वर्गात तो शेकडो वर्षं नोकरीला आहे. देवदत्त चांगला धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही. अर्थात रात्री जेवतो. मीमांसकांनी याला अर्थापत्ती म्हटलं आणि ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलं. नैयायिक म्हणाले, वेगळं घर कशाला, अनुमानातच राहू दे. तो वाद आपण सोडून देऊ. पण युक्ती ओळखीची आहे. 'रात्रीही जेवत नाही' असं उलटं केलं तर वरच्या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, म्हणून रात्रीचं जेवण मानावं लागतं. मानावं लागतं ते तेवढंच. तो काय जेवतो, कोण वाढतं, बायकोला ठाऊक आहे का, हे देवदत्ताबद्दल आपल्याला काहीही कळलेलं नसतं. आपण मात्र त्याला रात्री बारा वाजता फ्रिजपाशी उभा केलेला असतो, हातात श्रीखंडाचा डबा देऊन.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत सीसॅटचा पेपर आणला, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०१३ साली. तिथे गृहीतकं उताऱ्याच्या पोटातून काढायची असतात. केंद्राच्या या पेपरात २०१५ पासून ३३ टक्के मिळाले की पुरे, गुणवत्ता यादीत ते गुण धरत नाहीत. पण प्रत्येक प्रश्न अडीच गुणांचा आणि चुकला की त्यातला एक तृतीयांश हिस्सा कापला जातो, त्यामुळे श्रीखंडाचा डबा महाग पडतो. शेतीवरचा उतारा आला की शेतकऱ्याच्या घरचा मुलगा हमखास अडखळतो, असं भाचीचं निरीक्षण आहे. त्याला उताऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं. पर्याय खरा आहे हे तो स्वतःच्या शेतावरून सांगू शकतो, पण उताऱ्याने तो धरलेला नसतो. माहिती नसलेला मुंबईचा मुलगा तिथे निवांत सुटतो. मला हा अन्याय वाटतो. आयोगाला वाटत नाही.

याच प्रकाराचं धाकटं भावंड म्हणजे 'विधान आणि कृती'. इथे उमेदवार एकदम साहेबाच्या खुर्चीत बसतो. वर संकट, खाली उपाय, आणि कोणता उपाय करणं योग्य ते सांगायचं. सूचनेत बजावलेलं असतं की विधानातली सगळी माहिती खरी माना. भाचीने दिलेलं उदाहरण असं: 'शहराच्या एका भागात दूषित पाण्यामुळे गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले आहेत.' कृती एक, पाण्याचे नमुने तपासून दूषित पाणी कुठून मिसळतं ते शोधावं आणि तोवर टँकरने पाणी द्यावं. कृती दोन, त्या भागाचा पाणीपुरवठा कायमचा बंद करावा. कृती तीन, पाणी उकळून प्यावं असं आवाहन करावं. कृती चार, आयुक्तांना तात्काळ निलंबित करावं.

पहिली आणि तिसरी योग्य, यात वाद नाही. एक दुखण्याच्या मुळाशी जाते, दुसरी आजच्या रात्रीपुरती सोय बघते, आणि दोन्ही उद्या सकाळी सुरू करता येतात. दुसरी कृती गॅस्ट्रो नक्की थांबवेल, कारण त्या भागात माणूसच राहणार नाही. उपाय दुखण्यापेक्षा मोठं दुखणं घेऊन आला की तो बाद. पण चौथी कृती बहुतेकांना आवडते. मला तर फारच आवडली. आपल्याकडे पाणी तुंबो, पूल पडो, पहिली मागणी निलंबनाची. भाचीने शांतपणे विचारलं, "विधानात आयुक्त आहेत का?"

नव्हते. विधानात पाणी होतं आणि रुग्ण होते. चूक आयुक्तांची आहे, आणि त्यांना घरी पाठवलं की पाणी शुद्ध होईल, या दोन्ही गोष्टी आम्ही घरून नेल्या होत्या. म्हणजे हा प्रकार वेगळा दिसला तरी आतून तोच. गृहीतकाच्या प्रश्नात दुसऱ्याने न बोलता धरलेलं शोधायचं असतं; कृतीच्या प्रश्नात आपण न बोलता घुसवलेलं पकडायचं असतं. दुसरं काम अवघड. दुसऱ्याच्या वाक्यातली फट चटकन दिसते, आपल्या वाक्यात मात्र सगळं कसं भरीव वाटतं. चौकशी समितीचंही तसंच. कारण ठाऊक नसेल तर समिती नेमणं परीक्षेतही योग्य ठरतं. कारण विधानातच लिहिलं असेल तर समिती म्हणजे वेळ काढणं. वर्तमानपत्र वाचताना ही कसोटी लावून पाहावी, करमणूक चांगली होते.

सगळे प्रश्न इतके सरळ सुटतात असंही नाही. 'काही जण ऐकतील' आणि 'बहुतेक जण ऐकतील' यांच्यामधल्या पट्ट्यात दोन गाइडं दोन उत्तरं देतात, आणि दोन्हींची स्पष्टीकरणं वाचली की दोन्ही पटतात. भाचीच्या अभ्यासिकेत अशा प्रश्नांवर जेवणाच्या सुट्टीत डबे थंड होतात. परीक्षेनंतर आमचा राज्य आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करतो आणि उमेदवारांकडून हरकती मागवतो. मग अंतिम तालिका येते, कधीकधी एखादा प्रश्नच रद्द होतो. हरकती मागवणारं ते प्रसिद्धिपत्रक भाचीने माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "विधान."

आता मी तयार होतो. गृहीतक एक: उत्तरतालिकेत चूक असू शकते. उलटं केलं, हरकती मागवण्याला अर्थ उरेना. अंतर्भूत. गृहीतक दोन: चूक असलीच तर ती कुणातरी उमेदवाराच्या लक्षात येईल. उलटं केलं, पुन्हा पत्रक पडलं. अंतर्भूत. मी खुशीत ताट बाजूला सारलं.

"आणि तीन," ती म्हणाली, "आलेली हरकत मान्य होईल."

मी उलटं करून पाहिलं. पत्रक तसंच्या तसं उभं होतं.