कलम सातवे

घरमालक काकांबद्दल माझी तक्रार नाही. पाणी चोवीस तास येतं, लिफ्ट चालते, आणि रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा गुलाबाच्या फुलासह सुप्रभात येतो. मी उलट टपाली 'काका, अ‍ॅग्रीमेंटची कॉपी?' असं विचारतो. त्यावर दोन निळ्या खुणा येतात. गेले सात महिने आमचा असा संवाद उत्तम चालू आहे.

करार झाला तो दिवस मला नीट आठवतो. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला होता. आधार क्रमांक झाले, वेबकॅमवर फोटो झाले, माझा अंगठा चौथ्या प्रयत्नात उमटला. भाडं २०,००० आणि अनामत ६०,०००. मुद्रांक शुल्क म्हणजे अकरा महिन्यांचं भाडं अधिक अनामतीवर दहा टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेचा पाव टक्का. ते साडेपाचशेच्या पुढे गेलं. नोंदणी फी १,००० आणि वर एजंटची 'सर्व्हिस'. हे सगळं मी दिलं. 'दोन-तीन दिवसांत रजिस्टर होऊन पीडीएफ येईल,' एजंट म्हणाला. ती आलीही असणार. कुठे, एवढाच प्रश्न आहे.

पहिल्यांदा गरज पडली ती सोसायटीच्या पार्किंग स्टिकरसाठी. मग ऑफिसने घरभाड्याच्या सवलतीसाठी मागितली, मग बँकेने पत्ता बदलायला. काका दर वेळी म्हणाले, "अहो, मिळेल की. कपाटात आहे. रविवारी बघतो." आतापर्यंत अठ्ठावीस रविवार झाले. कपाट लाकडी आहे की लोखंडी, हेही मला अजून कळलेलं नाही.

प्रत नाही म्हणून कराराचा मजकूर मला माहीत नाही, असं मात्र समजू नका. काका तो तोंडी सांगतात. घड्याळासाठी एक खिळा ठोकला, तर खालच्या मजल्यावरून फोन: "अ‍ॅग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलंय, खिळे ठोकायचे नाहीत. कलम सातवं." मेहुणा चार दिवस राहिला, तेव्हाही कलम सातवं. गॅलरीत गादी वाळत घातली, पुन्हा सातवं. एका कलमात एवढं मावतं, म्हणजे लिहिणारा मोठाच माणूस असला पाहिजे.

कायद्याकडे पाहावं म्हटलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतकंच नाही, तर लेखी नोंदणीकृत करार नसेल तेव्हा अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. हे वाचून मी बराच वेळ शांत बसलो. काकांनी कायदा मोडला असता तर खिळ्याबाबत माझा शब्द चालला असता. त्यांनी तो काटेकोर पाळला आणि अंगठा देऊन वर पैसेही मीच भरले. म्हणून आता त्यांचा शब्द चालतो.

दुय्यम निबंधक कार्यालयात फी भरून प्रमाणित प्रत मिळते. तिथल्या बाईंनी सौजन्याने विचारलं, "दस्त क्रमांक आणि साल सांगा." साल सांगितलं. दस्त क्रमांक कुठे असतो? "दस्तावर," बाई म्हणाल्या. नाहीतर मालमत्तेच्या तपशिलावरून शोध घ्यायचा. तो घेता येतो, पण त्या दिवशी जेवणाची सुट्टी जवळ आली होती.

शेवटी एजंटलाच गाठलं. ऑनलाइन नोंदणीचा टोकन नंबर आणि पासवर्ड त्याच्याकडेच असतो, हे मला सातव्या महिन्यात सुचलं. त्याने चहा संपायच्या आत पीडीएफ पाठवली. वर डिजिटल सही, सोबत इंडेक्स टू, आणि माझा वेबकॅममधला चेहरा, ज्यावर पुढचं सगळं आधीच दिसत होतं. "साहेब, त्याच दिवशी मालकांना पाठवली होती की," तो म्हणाला.

रात्री बसून वाचली. खिळा नाही, मेहुणा नाही, गादी नाही. कलम सातवं वीजबिल भाडेकरूने भरावं असं सांगतं. मात्र तेराव्या कलमात, घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं अनामतीतून कापून घेतलं जाईल असं आहे. काकांनी हे एकदाही सांगितलं नव्हतं. खाली माझा अंगठा आहे, चौथ्या प्रयत्नातला, अगदी स्पष्ट.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गुलाब आला. त्याखाली आज पहिल्यांदाच मजकूर होता: 'एजंट म्हणाला तुम्हाला कॉपी मिळाली. मला पण पाठवा. माझा जुना फोन गेला त्यात ती होती.'

मी लिहिलं, 'हो काका, पाठवतो की. रविवारी बघतो.'