भूमकर चौक वरून दिसत नाही

अरे, मुंबईहून येताना उर्से टोलनाका गेला की गप्पा बंद कर. गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम दिसलं म्हणजे किवळे आलंच. तिथे द्रुतगती मार्ग संपतो, पण लोकांचा वेग संपत नाही. डावीकडे देहूरोडला वळू नकोस, बायपासने सरळ ये. पुनावळे गेलं की सर्व्हिस रोडला उतर, कारण भूमकर चौक महामार्गाच्या खाली आहे. वरून तो फक्त हॉर्नवरून ओळखू येतो. नदीचा पूल आणि बालेवाडीचं क्रीडासंकुल आलं तर चुकलास. तरी रस्ता विचारू नकोस. पूर्वी वडापावची गाडी होती तिथून वळायला सांगतील. आमची सोसायटी मात्र त्याच गाडीसमोर आहे.