दुपारी दोनचा वक्ता

मसालेभात, मठ्ठा आणि जिलबीनंतर ज्याचं भाषण ठेवलेलं असतं, तो वक्ता बहुधा संयोजकांचा नावडता असतो. बिचारा उठतो आणि म्हणतो, ‘जेवण छानच झालं, आता तुम्हाला झोप येत असणार, पण मी फार वेळ घेणार नाही.’ झालं! जे जागे होते त्यांनाही परवानगी मिळाली.

खरं तर दुपारची ही सुस्ती शरीराच्या घड्याळातच असते. उपाशी माणसालाही ती येते. जिलबी फक्त हातभार लावते. त्यामुळे विनोदाने ती जात नाही (हसायलाही जागं असावं लागतं), अंगच हलवावं लागतं. विषय भूजलाचा असेल, तर आभार-बिभार सोडून पहिलंच वाक्य असं टाकावं: ‘ज्यांच्या बोअरला २०० फुटांच्या आत पाणी लागलं, त्यांनी उभं राहा.’ चार जण उठतात, बाकीचे माना वळवून बघतात, मागून कुणीतरी ‘थापा मारतोय’ म्हणतो. मग, ‘४००च्या आत?’ अर्धा मंडप उभा. नुसत्या ‘हात वर करा’वर भागवू नये; सरावलेला श्रोता तेवढं झोपेतही करतो.

अध्यक्ष मात्र उठत नाहीत. त्यांचं चिंतन चालू असतं.